अहवाल शेवटच्या पानापासून वाचा

देवस्थानाच्या वार्षिक अहवालाची मांडणी सगळीकडे जवळपास सारखीच असते. मुखपृष्ठावर फुलांनी सजलेली मूर्ती. आत अध्यक्षांचे मनोगत, दिवंगत विश्वस्तांना श्रद्धांजली, मग नवरात्र, दत्तजयंती, वर्धापनदिन, रक्तदान शिबिर आणि वह्यावाटप यांचे वृत्तान्त. त्यापुढे चार-सहा पानांची देणगीदारांची यादी. सभासद पुस्तिका हातात घेतो, आपले नाव आणि रक्कम नीट छापली आहे का तेवढे बघतो आणि ती बाजूला ठेवतो. हिशेब असतो शेवटच्या दोन-तीन पानांवर, बारीक टाइपात, दोन उभ्या रकान्यांत. सर्वसाधारण सभेत सचिव म्हणतात, ‘अहवाल आणि हिशेब सर्वांना पोचलेले आहेत, तेव्हा वाचून दाखवत नाही.’ कोणी सूचक होतो, कोणी अनुमोदन देतो, आणि विषय मंजूर होतो.

या पुस्तिकेतला पुढचा भाग विश्वस्तांनी लिहिलेला असतो. काय सांगायचे आणि किती सांगायचे, हे त्यांच्या हातात असते. मागच्या पानांचे तसे नाही. तिथे कोणत्या ओळी असाव्यात हे कायद्याने ठरवून दिलेले आहे आणि त्यावर सही विश्वस्तांबरोबर एका बाहेरच्या माणसाचीही असते. त्यामुळे ज्याला हिशेबातले फारसे कळत नाही, त्याने तर हा अहवाल मागून पुढे वाचायला हवा.

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य देवस्थानांना, मठांना आणि धार्मिक संस्थांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे. शिर्डी, प्रभादेवीचे सिद्धिविनायक आणि पंढरपूर अशा काही मोठ्या देवस्थानांसाठी सरकारने वेगळे कायदे केले आहेत. गोव्यात १९३३ सालचे पोर्तुगीज अमदानीतले देवस्थान नियमन आजही चालते आणि तिथे महाजनांच्या समितीवर मामलेदाराची देखरेख असते. पण गावचे राममंदिर, पेठेतले दत्तमंदिर किंवा एखाद्या ज्ञातीचे देवस्थान यांचा हिशेब १९५०च्याच कायद्याखाली येतो. न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सार्वजनिक न्यासांच्या कारभाराची पाहणी केल्यानंतर हा कायदा झाला. देवाच्या पैशाचा हिशेब सरकारने का मागावा, असा आक्षेप घेऊन एका जैन मंदिराचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त न्यायालयात गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली काही कलमे रद्द केली, पण मुख्य गोष्ट कायम ठेवली: पूजाअर्चा कशी करायची हा त्या त्या पंथाचा प्रश्न, मालमत्तेचा कारभार मात्र कायद्याप्रमाणेच करावा लागेल.

त्या कायद्याप्रमाणे दर वर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करायचे, सहा महिन्यांच्या आत त्यांचे लेखापरीक्षण करून घ्यायचे आणि लेखापरीक्षकाने अहवाल धर्मादाय कार्यालयाकडे पाठवायचा. त्यात तीन कागद असतात. अनुसूची आठ म्हणजे ताळेबंद, अनुसूची नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक, आणि तिसरी लेखापरीक्षकाची प्रश्नावली. सुरुवात या प्रश्नावलीपासून करणे सगळ्यात सोपे, कारण तिच्यात आकडेमोड जवळजवळ नाही.

हो की नाही?

ही प्रश्नावली नियमांतच छापलेली आहे. प्रश्न ठरलेले आहेत, लेखापरीक्षकाने समोर उत्तर लिहायचे असते. हिशेब नियमित ठेवले आहेत का? लेखापरीक्षणाच्या दिवशी हातातली रोकड आणि पावत्या वहीशी जुळल्या का? स्थावर आणि जंगम मालमत्तेची नोंदवही नीट ठेवली आहे का? न्यासाचा पैसा उद्दिष्टाबाहेर वापरला का? एक वर्षाहून जुनी येणी किती आणि किती रक्कम बुडीत म्हणून सोडून दिली? कायद्याने ठरवून दिलेल्या ठिकाणांखेरीज दुसरीकडे पैसे गुंतवले का? कोणी विश्वस्त न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे का? सभा नियमाप्रमाणे झाल्या का, इतिवृत्ताची वही आहे का? आणि शेवटाकडे एक फार उपयोगी प्रश्न: गेल्या वर्षी दाखवलेल्या त्रुटी दुरुस्त केल्या का?

बहुतेक उत्तरे ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘लागू नाही’ अशी एका शब्दात असतात. वाचणाऱ्याने शोधायचे ते एका शब्दात न मावलेले उत्तर. ‘जंगम मालमत्तेची नोंदवही अद्ययावत करण्याचे काम चालू आहे’ असे वाक्य दिसले की गेल्या दोन वर्षांचे अहवाल काढून तेच वाक्य तिथेही आहे का ते बघावे. तीन वर्षे काम ‘चालू’च असेल तर दागिन्यांची यादी तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘व्यवस्थापनाने दिलेल्या माहितीनुसार’ हे शब्दही लक्ष देण्यासारखे आहेत. ती गोष्ट लेखापरीक्षकाने स्वतः पडताळलेली नाही, विश्वस्तांनी सांगितली म्हणून लिहिली आहे.

प्रश्नावलीतल्या काही गोष्टी जुन्या झाल्या आहेत. दुरुस्ती किंवा बांधकामावर ५,००० रुपयांहून जास्त खर्च झाला असेल तर निविदा मागवल्या का, असा एक प्रश्न आहे. पन्नासच्या दशकात ही रक्कम मोठी होती. आज तेवढ्यात गाभाऱ्याला रंगही होत नाही. म्हणून लहानसहान कामांबाबत इथे ‘नाही’ असे उत्तर आले तर लगेच शंका घ्यायचे कारण नाही. मात्र त्याच वर्षी लाखोंचे बांधकाम झाले असेल आणि उत्तर ‘लागू नाही’ असेल, तर ते सभेत विचारायलाच हवे.

येणारा पैसा

आता उत्पन्न-खर्च पत्रक. समजा, तालुक्याच्या गावी एक देवीचे देवस्थान आहे. नमुन्यासाठी त्याचे आकडे गोल धरू. यंदाचे उत्पन्न २५ लाख रुपये. त्यात दानपेटीचे ११ लाख ४० हजार, अन्नदान-अभिषेकाच्या पावत्यांचे ६ लाख २० हजार, गाळ्यांचे भाडे ३ लाख ६० हजार, बँकेचे व्याज २ लाख ८० हजार आणि नारळ-साड्यांच्या लिलावाचे वगैरे १ लाख.

या पाच ओळींपैकी दोन अशा आहेत, की त्या घरी बसून तपासता येतात. पहिली भाड्याची. देवस्थानाचे सहा गाळे रस्त्याला लागून आहेत, हे गावात सर्वांना माहीत असते. महिना पाच हजारांप्रमाणे सहा गाळ्यांचे वर्षाचे भाडे ३ लाख ६० हजार होते, म्हणजे आकडा जुळला. पण अनुसूची नऊमध्ये भाड्याच्या ओळीला दोन भाग असतात. एक वर्षभरात देय झालेले भाडे आणि दुसरे हातात आलेले भाडे. आपल्या देवस्थानात हातात आले आहेत २ लाख ४० हजार. याचा अर्थ सहापैकी दोन गाळ्यांइतके भाडे आलेच नाही. ते दोन गाळे कोणाचे, किती महिन्यांचे थकले आणि वसुलीची नोटीस दिली का, हे प्रश्न विचारायला हिशेबनीस असावे लागत नाही. पाच हजार हा दरही योग्य आहे का, हे शेजारच्या खाजगी दुकानदाराला विचारले की कळते. बिगरशेतीची जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीसाठी ही मुदत दहा वर्षांची आहे. वीस वर्षे एकाच भाड्यावर बसलेला गाळेधारक असेल, तर त्याचा करार कोणता, हेही विचारता येते.

दुसरी ओळ व्याजाची. वर्षाच्या सुरुवातीला बँकेत आणि ठेवीत मिळून ५२ लाख होते, अखेरीस साधारण ४७ लाख राहिले. सरासरी सुमारे ५० लाखांवर २ लाख ८० हजार व्याज म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. काही रक्कम बचत खात्यात आणि बाकीची मुदत ठेवीत असेल तर हे पटण्यासारखे आहे. हाच हिशेब दोन-अडीच टक्क्यांवर आला असता, तर दोनच शक्यता उरतात: पैसा चालू किंवा बचत खात्यात पडून आहे, किंवा ताळेबंदात दिसते तेवढी ठेव वर्षभर बँकेत नव्हती.

दानपेटीची ओळ मात्र घरी बसून तपासता येत नाही. पावतीच्या देणगीला मागे पावतीपुस्तकाची प्रत असते, भाड्याला करार असतो, व्याजाला बँकेचा उतारा असतो. पेटीत पडलेल्या नाण्याला काहीच नसते. त्याची पहिली नोंद होते ती पेटी उघडल्यानंतर. त्यामुळे लेखापरीक्षकही पेटीतून निघालेल्या रकमेबद्दल बोलू शकतो, पेटीत पडलेल्या रकमेबद्दल नाही. म्हणूनच पेटीला दोन कुलपे, त्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या व्यक्तींकडे, उघडण्याचा दिवस आधी जाहीर, मोजणीला विश्वस्तांखेरीज दोन-तीन साक्षीदार, नोटा-नाण्यांचा तपशील लिहिलेला सह्यांचा पंचनामा आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी पूर्ण रकमेचा बँकेत भरणा, अशी रीत असावी लागते. यातला भरण्याचा मुद्दा लोक सोडून देतात. पंचनाम्यात ९५ हजार आणि बँकेच्या चलनावर ८० हजार असे असेल, आणि मधले १५ हजार ‘किरकोळ खर्चाला वापरले’ असे सांगितले जात असेल, तर खर्च खरा असूनही हिशेब बिघडलेला आहे. आलेली रोकड आधी बँकेत जायला हवी, खर्चासाठी ती पुन्हा काढावी.

पेटीचा कारभार सैल राहिला तर काय होते, याचे उदाहरण तुळजापूरचे आहे. तिथे दानपेटीतले उत्पन्न घेण्याचा हक्क लिलावाने देण्याची पद्धत होती. १९९१ ते २००९ या काळातल्या त्या लिलावांत गैरव्यवहार झाल्याच्या तक्रारी आल्या, चौकशी झाली आणि अखेर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले. लिलावाच्या पद्धतीत देवस्थानाच्या वहीत फक्त बोलीची रक्कम येते. पेटीत प्रत्यक्ष किती पडले, हे वहीला कधी कळतच नाही.

सभासदाने दानपेटीच्या ओळीबाबत एवढेच बघावे: वर्षात पेटी किती वेळा उघडली, दर वेळी किती निघाले आणि यात्रेच्या महिन्यात आकडा वाढला का. ही तीन कलमे अहवालात तक्त्याने छापणे कठीण नाही. जी देवस्थाने ती छापतात, त्यांना सभेत त्यावर प्रश्न येत नाहीत.

जाणारा पैसा

नमुन्यातल्या देवस्थानाचा खर्च साडेबावीस लाख आहे. मालमत्तेची देखभाल, कर आणि विमा यांवर ४ लाख १० हजार. पगार, वीज, छपाई अशा आस्थापनेवर ५ लाख ४० हजार. वकील आणि लेखापरीक्षक यांवर मिळून ८५ हजार. घसारा २ लाख १५ हजार. सोडून दिलेले जुने भाडे ९० हजार. शेवटी ‘उद्दिष्टांवरील खर्च’ ९ लाख १० हजार, त्यात धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय आणि इतर असे पोटभाग. उरलेले अडीच लाख म्हणजे वर्षाची शिल्लक.

लोक लगेच आस्थापना आणि उद्दिष्टे यांचे प्रमाण काढतात आणि शेजारच्या देवस्थानाशी तुलना करतात. ही तुलना फसवी असते. पुजाऱ्याचे मानधन एक देवस्थान पगारात धरते, दुसरे धार्मिक खर्चात. भक्तनिवासाची वीज एकीकडे आस्थापनेत, दुसरीकडे मालमत्तेच्या देखभालीत. त्यापेक्षा तीच ओळ गेल्या वर्षी किती होती, हे बघावे. आस्थापनेचा खर्च चार लाखांवरून ५ लाख ४० हजार झाला असेल, तर एक माणूस वाढला की दोन, की धार्मिक खर्चातले काही इकडे आले, याचे उत्तर खजिनदाराला देता आलेच पाहिजे.

याच पत्रकात ‘विश्वस्तांचे मानधन’ अशी एक स्वतंत्र ओळ असते. मठांसाठी त्याखाली मठाधिपतींचे मानधन आणि त्यांच्या घरखर्चाची ओळही कायद्याने दिलेली आहे. या ओळीत आकडा असणे हा काही गुन्हा नाही. घटनेत तरतूद असेल तर मानधन घेता येते. ओळ कोरी असून प्रवासखर्च, पाहुणचार आणि ‘किरकोळ’ यांचे आकडे दर वर्षी फुगत असतील, तर मात्र किरकोळीचा तपशील मागावा.

‘सोडून दिलेल्या रकमा’ ही ओळ छोटी असते आणि सहज नजरेतून सुटते. आपल्या देवस्थानाने ९० हजारांचे जुने भाडे बुडीत ठरवले. गाळेधारक वारला, वारस सापडत नाहीत, असे कारण असू शकते. तो गाळेधारक एखाद्या विश्वस्ताच्या नात्यातला आहे, असेही असू शकते. असा निर्णय विश्वस्त मंडळाच्या ठरावानेच व्हायला हवा. ठरावाची तारीख आणि क्रमांक विचारला की पुढचे आपोआप समोर येते.

मंडपाचे अठरा लाख गेले कुठे?

याच देवस्थानाने यंदा अठरा लाखांचा सभामंडप बांधला. अहवालाच्या पहिल्या पानावर त्याचा रंगीत फोटो आहे. पण खर्चाच्या बाजूला अठरा लाखांची ओळच नाही. सभेत हमखास कोणीतरी उभे राहून विचारते, ‘मंडपाचा खर्च दाखवला नाही, आणि वर अडीच लाख शिल्लक दाखवता?’ खजिनदार म्हणतात, ‘तो ताळेबंदात आहे.’ उत्तर बरोबर असते, पण ऐकणाऱ्याला ते टोलवाटोलवी वाटते.

उत्पन्न-खर्च पत्रकात त्या वर्षापुरता खर्च येतो. समईत जळलेले तेल, खाल्लेला प्रसाद, दिलेला पगार. मंडप पुढची कित्येक वर्षे वापरात राहणार, म्हणून तो ‘स्थावर मालमत्ता’ या नावाने ताळेबंदाच्या उजव्या बाजूला चढतो. पुढे दर वर्षी त्याचा थोडाथोडा भाग घसारा म्हणून खर्चात टाकला जातो. घसाऱ्यापोटी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत, ती फक्त वहीतली वजावट असते.

मंडपासाठी भक्तांनी खास म्हणून दिलेले दहा लाखही उत्पन्नात दिसत नाहीत. विशिष्ट कामासाठी दिलेली देणगी डाव्या बाजूला ‘सभामंडप निधी’ म्हणून स्वतंत्र ठेवतात. ‘मूळ रकमेला हात लावू नये’ असे सांगून दिलेली देणगी असेल तर ती ‘कायम निधी’त जाते आणि तिचे फक्त व्याज वापरता येते. म्हणूनच एखाद्याने पन्नास हजार दिले, यादीत नावही आले, पण उत्पन्न त्या मानाने वाढले नाही, असे दिसू शकते. आपली देणगी कोणत्या निधीत गेली, हे पावतीवर छापलेले असते. ते ताळेबंदाच्या डाव्या बाजूशी जुळवून बघता येते.

आता हा हिशेब बँकेपर्यंत नेऊ. शिल्लक अडीच लाख, त्यात न दिलेला घसारा २ लाख १५ हजार परत मिळवला तर ४ लाख ६५ हजार होतात. पण थकलेल्या भाड्याची बाकी, जुने बुडीत वजा करूनही, ३० हजारांनी वाढली. म्हणजे नेहमीच्या कारभारातून प्रत्यक्ष हातात आले ४ लाख ३५ हजार. त्यात मंडपाच्या देणग्या दहा लाख धरल्या की १४ लाख ३५ हजार झाले. बाहेर गेले ते मंडपाचे अठरा लाख आणि पुढच्या कामासाठी ठेकेदाराला दिलेली दीड लाखाची उचल, मिळून साडेएकोणीस लाख. तूट ५ लाख १५ हजार. तेवढीच बँकेतली रक्कम कमी झाली: ५२ लाखांची ४६ लाख ८५ हजार.

म्हणजे पत्रकात अडीच लाख शिल्लक आहे आणि बँकेत सव्वापाच लाखांच्या आसपास घट आहे, आणि दोन्ही खरे आहे. शिल्लक म्हणजे तिजोरीत वाढलेला पैसा, या समजुतीमुळे निम्मे वाद होतात. असा जुळणीचा एक परिच्छेद खजिनदाराने अहवालात साध्या मराठीत लिहिला, तर ते वाद सभेत येणारच नाहीत. गैरकारभार असेल तर तोही याच जुळणीत सापडतो, कारण चुकलेला पैसा कुठल्या ना कुठल्या ओळीत अडकून राहतो.

तो अडकण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. ताळेबंदाच्या उजव्या बाजूला ‘उचल’ या शीर्षकाखाली विश्वस्त, नोकर, ठेकेदार, वकील आणि इतर असे पाच पोटभाग असतात. ठेकेदाराची दीड लाखाची उचल यंदा आहे, यात काही वावगे नाही. पुढच्या वर्षी मंडप पुरा झाल्यावरही ती तशीच राहिली, तर प्रश्न निर्माण होतो. त्याखाली रोख शिल्लक असते, आणि तिथे बँकेत किती, विश्वस्तांकडे किती, व्यवस्थापकाकडे किती, हे वेगळे लिहायचे असते. आपल्या देवस्थानात ४६ लाख ८५ हजारांपैकी ८५ हजार ३१ मार्चला व्यवस्थापकाच्या हातात आहेत. चैत्रातली यात्रा तोंडावर असेल तर समजू शकते. यात्रा मार्गशीर्षात असूनही दर ३१ मार्चला एवढीच रोकड दिसत असेल, तर ती खरोखर आहे का, हे लेखापरीक्षकाने मोजून पाहिले होते का, ते विचारावे.

ताळेबंदात न मावणारे

ताळेबंदाला काही मर्यादा आहेत, आणि देवस्थानांच्या बाबतीत त्या मोठ्या आहेत. मालमत्ता घेतली त्या किमतीला लिहिलेली असते. शंभर वर्षांपूर्वी कोणी वाहिलेली चार एकर जमीन वहीत एक रुपयाला असू शकते, तर परवा घेतलेला ध्वनिक्षेपक साठ हजारांना. देवीचे जुने दागिने अनेक ताळेबंदांत नाममात्र किमतीवर असतात किंवा दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी खरा कागद जंगम मालमत्तेची नोंदवही. प्रत्येक दागिन्याचे वर्णन, वजन, कधी आला, कोणी दिला आणि तो कोणाच्या ताब्यात आहे, हे त्यात हवे. प्रश्नावलीतल्या नोंदवहीच्या उत्तराला म्हणून एवढे महत्त्व. जमिनीबाबत सातबारा उतारा देवाच्या नावावर आहे ना, हे दर वर्षी बघणे हाच उपाय. विक्री, अदलाबदल किंवा बक्षीसपत्र यांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि ती न घेता व्यवहार झाला असेल तर प्रश्नावलीत त्याचे उत्तर लेखापरीक्षकाने द्यावे लागते.

पैसा साठवून ठेवण्यालाही मर्यादा आहे. आयकरातून सूट हवी असेल तर नोंदणीकृत न्यासाने उत्पन्नाचे साधारणपणे ८५ टक्के उद्दिष्टांसाठी वापरावे लागतात. जास्त साठवायचे असेल तर कारण आणि मुदत कळवावी लागते. मालमत्तेवरचा खर्चही यात धरता येतो, म्हणून मंडपाच्या वर्षी हा प्रश्न सहसा येत नाही. वर्षानुवर्षे फक्त ठेवी वाढत असतील आणि अहवालात कोणतेही काम ठरलेले नसेल, तेव्हा हा साठा कशासाठी, हे विचारणे रास्त आहे.

एवढे करूनही लेखापरीक्षकाची सही खर्च शहाणपणाचा झाला असे सांगत नाही. अठरा लाखांच्या मंडपाची गरज होती की शाळेच्या छपराची, हे तो ठरवत नाही. पावती आहे, ठराव आहे, रक्कम जुळते, एवढे तो बघतो. गरज कोणती होती, हे सर्वसाधारण सभेने ठरवायचे असते.

सभेत आयत्या वेळच्या विषयांत हिशेबाचा प्रश्न काढला तर बहुधा ‘माहिती घेऊन कळवतो’ एवढेच उत्तर मिळते. त्यापेक्षा सभेच्या आठवडाभर आधी दोन-तीन प्रश्न सचिवांकडे लेखी द्यावेत, ओळीचे नाव आणि आकडा लिहून, आणि दिल्याची पोच घ्यावी. अहवालात प्रश्नावली छापलेलीच नसेल, तर पहिला प्रश्न तोच. ती संस्थेच्या दप्तरात असतेच. संस्थेने दिली नाही, तर तिथल्या धर्मादाय कार्यालयात संस्थेचा नोंदणी क्रमांक लिहून नकलेसाठी अर्ज करता येतो.

हा अर्ज फक्त सभासदानेच करावा असेही नाही. १९५०च्या कायद्यात ‘हितसंबंधित व्यक्ती’ कोण, याची व्याख्या आहे. संस्थेच्या बाबतीत तिचा सभासद, मठाच्या बाबतीत त्याचा शिष्य, आणि मंदिराच्या बाबतीत तिथल्या पूजेला हजर राहण्याचा ज्याला हक्क आहे किंवा जो नेहमी हजर राहतो असा कोणीही. रोज संध्याकाळी आरतीला येऊन पेटीत दहा रुपये टाकणाऱ्या बाईंचे नाव सभासदांच्या यादीत नसले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या हितसंबंधित आहेत.